कारखान्यात शाबासकी, हॅनोव्हरला अपमान

श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यातली चाचणी प्रयोगशाळा. सहाशे तासांची चाचणी संपवून एक पंप नुकताच थांबला आहे. इलेक्ट्रिक बसच्या बॅटरीला थंड ठेवणारं पाणी फिरवणारा हा पंप आधी दोनदा नापास झालेला. दोन्ही वेळा दांड्याभोवतीच्या सीलमधून थेंब-थेंब गळती झाली होती. नाशिकहून आलेल्या तरुण इंजिनियरने सीलचा प्रकार बदलला, दांड्याचा तो भाग अधिक गुळगुळीत करून घेतला आणि पंप तिसऱ्यांदा चाचणीला लावला. आता साठीकडे झुकलेला मायस्टर, म्हणजे कार्यशाळेचा प्रमुख कारागीर, पंपाखाली बोट फिरवतो. बोट कोरडं. भुवया उंचावून, पंपाकडे बघत, लांब हेल काढून तो म्हणतो, “हा येट्स लेक मे आम आर्श!” आणि इंजिनियरच्या पाठीवर थाप मारतो.

ही गोष्ट कल्पित आहे आणि तिच्यातला इंजिनियर कुणी एक खरा माणूस नाही. त्याला आपण श्रीकांत म्हणू. पण गोष्टीतला शब्दप्रयोग, तो बोलणारा प्रदेश आणि पुढे घडतं ते घडण्याची कारणं खरी आहेत. श्टुटगार्टच्या परिसरात वाहन उद्योगाचे कारखाने दाटीने उभे आहेत, मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं आहेत आणि पुण्या-नाशिकची मुलं तिथे नोकरीला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यामुळे असा श्रीकांत तिथे कुणालाही भेटू शकतो.

श्रीकांत पुण्यात जर्मन शिकला. वर्गात त्याला प्रमाण जर्मन मिळाली, म्हणजे पुस्तकांची, बातम्यांची आणि अर्ज-विनंत्यांची भाषा. कार्यशाळेत मात्र सगळे स्वाबियन बोलतात. श्टुटगार्ट, उल्म, ट्युबिंगन या भागाची ही बोली प्रमाण जर्मनपेक्षा इतकी निराळी आहे की उत्तरेकडचे जर्मनही तिच्यापुढे अडखळतात. पहिले काही महिने श्रीकांतला नऊच्या न्याहारीच्या सुट्टीतल्या, म्हणजे वेस्परच्या गप्पा जवळजवळ कळतच नव्हत्या. म्हणून कानावर पडलेलं आणि अर्थ लागलेलं पहिलं मोठं वाक्य त्याला फार मोलाचं वाटलं. अर्थ त्याने प्रसंगावरून लावला: काम फत्ते झालं, मायस्टर खूश झाला, पाठीवर थाप पडली. याचाच अर्थ “अरे वा, कमाल केलीस!”

त्याने लावलेला हा अर्थ चूक नव्हता. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

त्या वाक्याचा शब्दशः अर्थ आहे “माझा पार्श्वभाग चाट”, तोही अवयवाच्या सगळ्यात बाजारू नावासकट. जर्मन भाषेतल्या जुन्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या शिव्यांपैकी ही एक. तिला साहित्यिक वंशावळही आहे. एका लढाईत हात गमावून लोखंडी हात बसवून घेतलेला ग्योट्झ फॉन बेर्लिशिंगन नावाचा सरदार १५६२मध्ये वारला. आपल्या आठवणींमध्ये त्याने लिहून ठेवलं आहे की क्राउटहाइम इथल्या एका अधिकाऱ्याला त्याने साधारण याच अर्थाचं ओरडून सांगितलं होतं. त्या आठवणींवरून गोएथेने नाटक लिहिलं आणि १७७३मध्ये ते छापून आलं. नाटकात वेढ्यात सापडलेला ग्योट्झ शरण येण्याच्या मागणीला हेच उत्तर देतो आणि खिडकी आदळून बंद करतो. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते शब्द गाळून तिथे रेघा छापल्या गेल्या. तरी आजही जर्मन माणूस ही शिवी उच्चारायची टाळतो तेव्हा “ग्योट्झचं अवतरण” एवढंच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सारं समजतं. मोझार्टने १७८२च्या सुमारास याच शब्दांवर सहा आवाजांची एक गमतीची गाणरचना बांधली, तेव्हा प्रकाशकांनी तिचेही शब्द बदलून सोज्वळ केले. सगळा देश जिला ओळखतो आणि छापताना मात्र झाकतो, अशी ही शिवी आहे.

स्वाबियन बोलीत तिचं आणखी एक आयुष्य सुरू झालं. तिथे ती आश्चर्य दाखवते, कौतुक करते, बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मित्राचं स्वागत करते, कंटाळवाणी चर्चा मोडते आणि अर्थात कुणाला हाकलूनही लावते. तिचे इतके उपयोग आहेत की त्यांची यादी देणं हा स्वाबियन विनोदी लेखनातला लाडका विषय आहे. मराठी वाचकाला हे समजायला दूर जावं लागत नाही. “च्यायला” किंवा “आयला” हे मुळात आईवरून दिलेल्या शिवीचे झिजलेले तुकडे. कट्ट्यावर शेवटच्या चेंडूवर षटकार बसला की ते कुणाचाही अपमान न करता तोंडातून निघतात. तेच “च्यायला” मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर निघालं तर काय होतं, हे कुठल्याही मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. श्रीकांतलाही ते मराठीत पक्कं कळतं, कारण लहानपणी कधीतरी आईने डोळे वटारले होते. जर्मनमध्ये त्याच्याकडे डोळे वटारणारं कुणी नव्हतं.

तो ते वाक्य आनंदाने वापरू लागला. छपाईयंत्र पहिल्या फटक्यात चाललं की तेच, उपाहारगृहात आवडीचा पदार्थ दिसला की तेच. कार्यशाळेतले लोक खळखळून हसायचे. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. एक परदेशी मुलगा आपल्या बोलीत बोलतो याचं त्यांना खरंच अप्रूप होतं. काहींनी त्याचा उच्चारही घासूनपुसून दिला. शब्दशः अर्थ मात्र कुणी सांगितला नाही. त्यामागे कट नव्हता. बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या मनातच तो अर्थ इतका पुसट झालेला की सांगण्यासारखं काही आहे, हे सुचलंच नाही. नव्या माणसाला मुद्दाम खोटा अर्थ सांगून तोंडघशी पाडणारे महाभागही जगात असतात. पण असा डाव लवकर उघडा पडतो, कारण खोटा अर्थ पहिल्याच वापरात उघडा होतो. खरा, पण अर्धाच अर्थ महिनोन्महिने बिनबोभाट चालतो, आणि म्हणून तो जास्त धोक्याचा.

मग हॅनोव्हरची बैठक आली. उत्तर जर्मनीतलं हे शहर प्रमाण जर्मनसाठी ओळखलं जातं. बस बनवणाऱ्या ग्राहक कंपनीत पंपाचा आढावा होता. टेबलाच्या पलीकडे विभागप्रमुख बाई, खरेदी विभागातले दोघे आणि गुणवत्ता विभागाचा एक अधिकारी. बाईंनी आकडे दाखवले: चाळीस बसमध्ये पंप बसवले, हिवाळा गेला, एकही गळती नाही. श्रीकांतला आनंद आवरेना. त्याने बाईंकडे बघत, हसतमुखाने आणि वर्गात घोटलेल्या स्वच्छ उच्चारात म्हटलं, “लेक मिश आम आर्श!”

खोली गप्प झाली. खरेदी विभागातल्या एकाने मान खाली घातली. बाईंनी दोन क्षण थांबून पुढची स्लाइड लावली.

शब्द तेच असताना कार्यशाळेत शाबासकी ठरलेलं वाक्य इथे तोंडावर मारलेली शिवी कसं झालं? हे नीट उलगडून पाहायला हवं, कारण अशा प्रसंगांत “संदर्भ बदलला” एवढं म्हणून लोक मोकळे होतात आणि नेमकं काय बदललं ते हाती लागत नाही.

आधी मायस्टरचं वाक्य पाहू. त्याने “हा येट्स” अशी सुरुवात केली होती. “आता बघा” अशा छटेचे हे दोन छोटे शब्द ऐकणाऱ्याला आधीच बजावतात की पुढे येतो आहे तो उद्गार आहे. श्रीकांतला ते भरीचे वाटले आणि त्याने गाळले. ते गेल्यावर उरली ती निखळ आज्ञा: चाट. शिवाय मायस्टर म्हणाला “मे”, श्रीकांत म्हणाला “मिश”. आपण बोलीतला उच्चार सुधारून शुद्ध करतो आहोत, अशी त्याची समजूत. पण त्या वाक्याला निरुपद्रवी ठेवणारी गोष्ट बोली हीच होती. बोलीचं कवच काढलं की आत ग्योट्झचं अवतरण जसंच्या तसं शिल्लक राहतं, आणि हॅनोव्हरच्या माणसाला तेवढंच ऐकू येतं. दक्षिणेतल्या त्या दुसऱ्या आयुष्याची त्याला फार तर ऐकीव माहिती असते.

नजरेचाही वाटा होता. मायस्टर पंपाकडे बघत होता, श्रीकांत बाईंकडे. आज्ञार्थी वाक्य वस्तूकडे बघून उच्चारलं तर तो उद्गार राहू शकतो. माणसाच्या डोळ्यांत बघून उच्चारलं की त्या आज्ञेला धनी मिळतो.

आणि मग सर्वनाम. जर्मनमध्ये “डू” म्हणजे तू आणि “झी” म्हणजे आपण. कार्यशाळेत सगळे एकमेकांना तू म्हणत. वडिलांच्या वयाच्या मायस्टरलाही श्रीकांत पहिल्या आठवड्यापासून, त्याच्याच आग्रहावरून, तू म्हणू लागला होता. नाशिकमध्ये त्याने हे स्वप्नातही केलं नसतं. ही सवय लागताना त्याच्या मनातली वडीलधाऱ्यांसमोरची आपोआपची सावधगिरी सैल झाली. ग्राहकाकडे मात्र सगळे झी म्हणतात, आणि “लेक” हे तू-रूप आहे. म्हणजे अश्लीलता बाजूला ठेवली तरी त्याने एका अनोळखी विभागप्रमुख बाईंना एकेरीवर आणलं होतं. मराठी माणसाला हा दुसरा अपमान पहिल्याइतकाच झोंबेल.

हे सगळं कळायला वेळ लागतो हे खरं, पण तोंडातून शब्द निघताना श्रीकांतच्या अंगात काहीच का हललं नाही? मराठीत तशी शिवी ओठावर आली असती तर घसा आवळला असता. या प्रश्नावर संशोधन झालेलं आहे. कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेयी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातृभाषा तुर्की असलेल्या आणि बारा वर्षांच्या वयानंतर इंग्रजी शिकलेल्या ३२ जणांना त्यांनी दोन्ही भाषांतले शब्द आणि वाक्यं ऐकवली, दाखवली आणि त्या वेळी त्यांच्या बोटांच्या त्वचेची विद्युतवहनक्षमता मोजली. मन ढवळलं की बोटांना किंचित घाम सुटतो आणि ती वाढते. सगळ्यात ठळक फरक दिसला तो लहानपणच्या दटावण्यांमध्ये. “लाज वाटत नाही का?” या धाटणीची वाक्यं तुर्कीत ऐकताना बोटं जितकी प्रतिसाद देत होती, तितकी इंग्रजीत देत नव्हती. शिव्यांना मात्र दोन्ही भाषांत प्रतिसाद उमटत होता. शिवी शिवी आहे हे त्यांना इंग्रजीतही ठाऊक होतं, यावरून हे समजण्यासारखं आहे. श्रीकांतला तर तेवढंही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे ना दटावणीची आठवण होती, ना शब्दाची ओळख.

लंडनमधले भाषाशास्त्रज्ञ जाँ-मार्क देवाल यांनी बहुभाषक लोकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर २००४मध्ये लिहिलं. हजारावर माणसांच्या उत्तरांतून दिसलं की शिवीचा जोर मातृभाषेत सर्वाधिक जाणवतो आणि नंतर शिकलेल्या भाषांमध्ये उतरत जातो. ज्यांनी भाषा केवळ वर्गात शिकली त्यांना तो आणखी कमी जाणवतो. पण याच देवाल यांच्या २०१६च्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्या गोष्टीला वेगळं वळण देतो. त्यांनी इंग्रजीतले तीस शब्द आणि शब्दप्रयोग मातृभाषकांना आणि नंतर इंग्रजी शिकलेल्यांना देऊन विचारलं, हे किती अपमानकारक आहेत? नंतर शिकलेल्यांनी बहुतेक शब्द खऱ्यापेक्षा अधिक अपमानकारक ठरवले. अपवाद होता यादीतला सगळ्यात जहाल शब्द. तिथे मात्र त्यांचा अंदाज कमी पडला. म्हणजे परका माणूस बेफिकीर असतो, असं सरसकट म्हणता येत नाही. उलट तो बहुतेक वेळा जास्तच जपून बोलतो. श्रीकांतही बैठकीआधी “कृपया” आणि “आभारी आहे” यांची उजळणी करून गेला होता. घसरण झाली ती नेमकी तिथे, जिथे कुणी शिवी म्हणून ओळखच करून दिली नव्हती.

बैठक संपल्यावर श्रीकांतच्या गटप्रमुखाने त्याला बाजूला घेतलं. “तू काय बोललास ते तुला माहीत आहे?” श्रीकांतने भाबडेपणाने सांगितलं, “कमाल झाली, असं म्हणालो.” गटप्रमुखाने शब्दशः अर्थ सांगितला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढे गटप्रमुखाने दिलेला सल्ला चांगला होता: आजच, समक्ष आणि दोन वाक्यांत माफी माग. स्वाबियन बोलीवर व्याख्यान देऊ नकोस, कार्यशाळेतल्या कुणाचं नाव घेऊ नकोस. श्रीकांत बाईंकडे गेला आणि म्हणाला, “मी मघाशी जे बोललो त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. दक्षिणेत ऐकलेला कौतुकाचा उद्गार समजून मी तो वापरला, आपली मनापासून क्षमा मागतो.” बाई म्हणाल्या, “मला तसंच वाटलं होतं. पण आमच्या संचालकांसमोर नको.”

सगळीकडे इतकं सहज निभावत नाही. जर्मनीत अपमान हा फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेच्या कलम १८५प्रमाणे त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपमान जाहीरपणे केला असेल तर मर्यादा दोन वर्षांची. सर्वसाधारणपणे खटला चालतो तो अपमानित व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तशी मागणी केली तरच. दंडाची रक्कम ठरलेली नसते. न्यायालय किती दिवसांचा दंड ते ठरवतं आणि एका दिवसाची रक्कम माणसाच्या मिळकतीवरून काढतं. मात्र गुन्हा ठरायला हेतू लागतो. आपण दुसऱ्याची अप्रतिष्ठा करत आहोत याची ज्याला कल्पनाच नाही, त्याला या कलमाखाली दोषी धरता येत नाही. श्रीकांतचं खरं नुकसान न्यायालयात होणारच नव्हतं. झालं असतं तर ते ग्राहकाच्या मनात, आणि वरिष्ठाला उद्देशून तेच बोलला असता तर नोकरीत. तिथे ढोबळ अपमानासाठी लेखी ताकीद मिळते आणि गंभीर प्रकरणात नोकरीही जाऊ शकते.

याच शिवीवर एका स्वाबियन न्यायालयाने दिलेला निर्णय मात्र सांगायलाच हवा. उल्मजवळच्या एहिंगन गावच्या न्यायालयापुढे २००९मध्ये असं प्रकरण आलं. सरकारी वकिलांना हे बोलणाऱ्याला दंड व्हायला हवा होता. न्यायालयाने नकार दिला. स्वाबियन भाषकांत हा प्रयोग रोजच्या बोलण्यातला आहे, तो रांगडा असला तरी त्याने कुणाच्या प्रतिष्ठेला बाधा येत नाही, असा त्याचा आशय होता. श्रीकांतच्या मायस्टरला हा निर्णय वाचून बरं वाटेल. पण त्यात पावलोपावली येतो तो स्वाबियन भाषकांचा उल्लेख. हॅनोव्हरच्या न्यायाधीशाने तोच युक्तिवाद मान्य केला असता, असं त्यातून मुळीच निघत नाही.

शब्द तोंडात बसण्याआधी त्याचा दुसरा अर्धा भाग ओळखता येतो का? येतो. श्रीकांतसमोर खुणा होत्या. त्याच्या वाक्यावर लोक जेवढं हसायचे, तेवढं मायस्टरच्या वाक्यावर कधी हसत नसत. तोच शब्द परक्याच्या तोंडी इतका गमतीचा का वाटतो, हा प्रश्न तिथेच विचारण्यासारखा होता. तो उद्गार त्याने एकाही ईमेलमध्ये वाचला नव्हता. कार्यशाळेत पाहुणे आले की तो थांबायचा, आणि मायस्टरची नात एकदा आली होती त्या दिवशी मायस्टर नुसतंच “हा येट्स लेक” म्हणून गप्प झाला होता. जो शब्द लिहिला जात नाही आणि मुलांसमोर अर्ध्यावर तोडला जातो, त्याबद्दल “याचा अर्थ काय?” असं न विचारता “हे मी कुणासमोर बोलू नये?” असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला मायस्टरने “कमाल झाली” असंच सांगितलं असतं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या प्रश्नाला त्याला नात आठवली असती.

जबाबदारीचा मोठा वाटा मात्र शिकवणाऱ्यांचा आहे, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. परका माणूस आपली बोली उचलतो तेव्हा तो विश्वासाने उचलतो. त्याचा उच्चार सुधारून देणाऱ्याने “हे फक्त आपल्यात, ग्राहकासमोर नाही” हे पाच-सहा शब्द जोडून द्यायला काहीच हरकत नसते. पुण्यातल्या कार्यालयात बिहार-तमिळनाडूहून आलेल्या सहकाऱ्याला कौतुकाने “च्यायला” शिकवणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

श्रीकांत श्टुटगार्टला परतल्यावर मायस्टरने सगळी हकीकत ऐकली आणि तो आधी ओशाळला. मग त्याने न्याहारीच्या सुट्टीत कागदावर उत्तरेत चालणारे कौतुकाचे उद्गार लिहून दिले: संचालकांसमोरही खपेल असं “आले आख्टुंग”, जरा जुन्या वळणाचं “डोनरव्हेटर” आणि बरोबरीच्या माणसांत “व्हानझिन”. पुढच्या तिमाहीच्या बैठकीत श्रीकांतने यातला पहिला वापरला. कार्यशाळेत तो अजूनही मायस्टरचंच वाक्य म्हणतो, पण आता “हा येट्स” न गाळता आणि पंपाकडे बघत.